रिकामा डबा आणि दोन छायाचित्रे

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एका हाताने वेणी घालून होते, दुसऱ्या हाताने डब्याचे झाकण लागते आणि रिक्षावाले काका खालून हॉर्न वाजवतात. या घाईत डब्यात नेमके काय गेले, याकडे पुन्हा पाहायला कुणालाच सवड नसते. संध्याकाळी डबा रिकामा परत आला की दिवस पार पडल्याचे समाधान वाटते. ‘डबा संपवते ना, मग झाले’ हा बहुतेक घरांतील निकष असतो. रिकामा डबा मुलाची भूक भागल्याचे सांगतो. त्याला काय मिळाले, हे मात्र सांगत नाही. ते समजण्यासाठी एक साधा उपाय आहे. झाकण लावण्यापूर्वी डब्याचे छायाचित्र काढावे आणि दुपारी घरात शांतता असताना ते परक्या नजरेने पाहावे. आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कॅमेरा असल्याने त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

छायाचित्र कसे काढावे, त्यात काय पाहावे, काय दिसत नाही आणि दिसलेल्या उणिवा डबा नकोसा न होता कशा भरून काढाव्यात, याचा विचार एका नमुन्याच्या आधारे करू.

छायाचित्र काढताना

डब्याचे सर्व कप्पे उघडे ठेवून, खिडकीच्या उजेडात, अगदी वरून छायाचित्र काढावे. तिरप्या कोनातून काढल्यास पुढचा पदार्थ मोठा आणि मागचा लहान दिसतो. डब्याशेजारी जेवणाचा एक चमचा ठेवावा. नंतर पाहताना भाजी दोन चमचे होती की पाच, हे त्यावरून ठरवता येते. पोळीची गुंडाळी केली असेल तर तिचे एक टोक उलगडून आतले सारण दिसू द्यावे. छोट्या डबीत सुका खाऊ वेगळा देत असाल, तर ती डबीही शेजारी उघडून ठेवावी. मुलाच्या दृष्टीने तोही डब्याचाच भाग असतो.

दुसरे छायाचित्र डबा परत आल्यावर, तो घासायला टाकण्यापूर्वी काढायचे. पहिले छायाचित्र आपण काय दिले ते दाखवते आणि दुसरे मुलाने काय स्वीकारले ते दाखवते. पहिल्यावरूनच निर्णय घेतला तर डबा कागदावर आदर्श होतो आणि प्रत्यक्षात अर्धा परत येतो. एका दिवसावरूनही निष्कर्ष काढू नये. सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची छायाचित्रे शेजारी ठेवली की घराची सवय दिसू लागते.

नमुन्याचा डबा

तिसरीत शिकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचा डबा डोळ्यांसमोर आणू. सकाळची शाळा आहे. डबा साडेसहाला भरला जातो आणि सव्वादहाच्या सुट्टीत उघडतो. छायाचित्रात स्टीलच्या डब्याच्या मोठ्या कप्प्यात दोन घडीच्या पोळ्या दिसतात. लहान कप्प्यात बटाट्याच्या काचऱ्या आहेत, साधारण चार चमचे. वरच्या डबीत दोन क्रीमची बिस्किटे आहेत. हा डबा रोज रिकामा येतो. आईची तक्रार एवढीच आहे, की मुलगी दुपारी घरी आल्यावर चिडचिड करते, जेवणाआधीच काहीतरी गोड मागते आणि जेवणात भाजीला हात लावत नाही.

पहिली गोष्ट रंगाची. पोळी, बटाटा आणि बिस्किटे या तिन्ही पदार्थांचा रंग पिवळसर-तपकिरी आहे. हिरवे, लाल, केशरी किंवा जांभळे काहीच नाही. वेगवेगळ्या रंगांच्या भाज्या-फळांतून वेगवेगळी जीवनसत्त्वे मिळतात. म्हणून एकरंगी डबा दिसला की त्यात भाजी आणि फळ नसल्याचा संशय घ्यावा. इथे तो खरा ठरतो.

दुसरी गोष्ट वाट्यांची. छायाचित्रावर मनातल्या मनात रेषा ओढून तीन गट करावेत. पहिल्या गटात धान्य आणि पिष्टमय पदार्थ, दुसऱ्यात डाळी, कडधान्ये, अंडी, पनीर, शेंगदाणे यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ आणि तिसऱ्यात भाज्या व फळे. येथे सर्वाधिक फसवणूक बटाटा करतो. स्वयंपाकघरात तो भाजी असतो, पण पोषणाच्या हिशेबात त्याची जागा पोळी-भाताच्या पंगतीत आहे. साबुदाणा, पोहे, शेवया आणि मैद्याची बिस्किटेही त्याच गटातली. अशी मांडणी केली की या डब्यातील सर्व पदार्थ पहिल्याच गटात जातात. दुसरा आणि तिसरा गट रिकामा राहतो. तीन वेगळे पदार्थ दिले, असे आईला वाटत होते. छायाचित्र सांगते, की एकाच प्रकारचा पदार्थ तीन रूपांत गेला आहे.

उष्मांक पुरेसे, मग उणे काय?

आता अंदाजे आकडे मांडून पाहू. दोन घडीच्या पोळ्यांना सुमारे ६० ग्रॅम कणीक आणि दोन लहान चमचे तेल लागते. त्यातून २७५ च्या आसपास उष्मांक मिळतात. काचऱ्यांना ८० ग्रॅम बटाटा आणि तेवढेच तेल धरले तर आणखी १४० उष्मांक होतात. क्रीमच्या दोन बिस्किटांचे सुमारे १२०. एकूण बेरीज ५३५ च्या घरात जाते.

ही बेरीज कमी आहे का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे डब्यातून दिवसाच्या उष्मांकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतो. सरकारी शाळांतील माध्यान्ह भोजनाचे प्रमाणही ताडून पाहता येते. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी त्या योजनेत ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरवून दिली आहे. उष्मांकांच्या बाबतीत आपला डबा त्याहून पुढेच आहे. म्हणून ‘अजून एक पोळी घाल’ हे आजीचे सांगणे येथे उपयोगाचे नाही. डबा भरण्यात कुठेच कसूर झालेली नाही. तो एका बाजूला झुकला आहे.

प्रथिनांची बेरीज नऊ ग्रॅमच्या आसपास येते. नुसता आकडा पाहिला तर तोही दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त आहे. मात्र ही प्रथिने बहुतांशी गव्हाची आहेत. गव्हाच्या प्रथिनात लायसिन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही आणि ते कमी पडले की उरलेल्या प्रथिनांचाही पुरता उपयोग होत नाही. डाळी व कडधान्यांत लायसिन भरपूर असते, तर गव्हा-तांदळात जे आहे ते डाळीत थोडे कमी असते. वरण-भात, पोळी-उसळ, भाकरी-पिठले या आपल्या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. डब्यात पोळीसोबत बटाटा गेला की ही जोडी तुटते.

तिसऱ्या गटाची उणीव अधिक ठळक आहे. भाजी-फळाशिवाय चोथा, ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य ही तिन्ही फारशी मिळत नाहीत. ‘क’ जीवनसत्त्वाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. धान्य, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. सोबत लिंबू, पेरू, आवळा, मोसंबी असले की ते शोषण वाढते. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया आढळला होता. पोटभर खाणाऱ्या मुलांमध्येही तो असू शकतो. उसळीवर पिळलेले अर्धे लिंबू म्हणूनच चवीपुरते राहत नाही.

दुपारच्या चिडचिडीचे कारण एकट्या डब्यात शोधू नये; झोप, ऊन आणि प्रवास यांचाही त्यात भाग असतो. तरीही प्रथिने आणि चोथा असलेले जेवण पोटात अधिक काळ टिकते. पिष्ट आणि साखरेचे जेवण लवकर पचते आणि भूक लवकर परत येते, हेही ध्यानात घ्यावे.

छायाचित्रात न दिसणारे

छायाचित्र वाटे दाखवते. खोली दाखवत नाही. उथळ कप्प्यातील उसळ आणि खोल कप्प्यातील उसळ वरून सारखीच दिसते. म्हणून भाजी कप्प्यात घालताना चमच्यांनी मोजण्याची सवय आठवडाभर तरी ठेवावी. तेल, मीठ आणि साखरही दिसत नाही. काचऱ्यांवरची चकाकी तेल सुचवते, पण पराठ्यातले तेल पराठ्यात मुरलेले असते. पालकाची हिरवी पुरी छायाचित्रात पालेभाजीसारखी शोभते. प्रत्यक्षात चार पुऱ्यांत मूठभर पालकही नसतो आणि तळणीचे तेल मात्र असते. केचप लाल असल्याने भाजीच्या रंगात मोडते, पण त्यात साखर आणि मीठ बरेच असते.

विकतच्या वस्तूंबाबत वेष्टन पाहावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. ‘बहुधान्य’ किंवा ‘नाचणीयुक्त’ अशी मोठी अक्षरे असलेल्या बिस्किटाच्या यादीत मैदा आणि साखर पहिल्या दोन-तीन नावांत असतील आणि नाचणी शेवटाकडे असेल, तर ते मैद्याचेच बिस्किट समजावे.

कमीत कमी बदल

आता डबा बदलायचा. येथे बहुतेक घरांत एकच चूक होते. रविवारी निश्चय होतो आणि सोमवारी डब्यात मोडाची उसळ, बीटाची कोशिंबीर आणि नाचणीची भाकरी एकदम जाते. दुसऱ्या छायाचित्रात ती जवळजवळ तशीच परत दिसते. उपाशी राहिलेले मूल मैत्रिणीचे वेफर्स खाते आणि मंगळवारी पुन्हा काचऱ्या सुरू होतात. बदल एका वेळी एकाच कप्प्यात करावा आणि मुलाच्या आवडीची एक वस्तू डब्यात कायम ठेवावी.

या मुलीला बटाटा आवडतो. तो काढून टाकण्याऐवजी त्याचा उपयोग करावा. पहिल्या आठवड्यात काचऱ्यांच्या जागी मटकीची कोरडी उसळ द्यावी आणि तिच्यात बटाट्याच्या छोट्या फोडी घालाव्यात. रात्री भिजवून, उपसून मोड आणलेली मटकी कुकरच्या एका शिट्टीत मऊ होते. २५ ग्रॅम सुकी मटकी, म्हणजे साधारण दोन चमचे, भिजून-शिजून एका लहान वाटीएवढी होते. त्यात ४० ग्रॅम बटाटा, एक लहान चमचा तेलाची फोडणी, हळद, धने-जिरे पूड, चिमूटभर गूळ आणि शेवटी लिंबू. पहिल्या दोन दिवशी बटाट्याच्या फोडी जरा जास्त असल्या तरी चालेल. मूल बटाटा वेचून खाईल, पण त्यासोबत चार दाणे मटकीचे पोटात जातील आणि चव ओळखीची होईल.

दुसऱ्या आठवड्यात बिस्किटांचा कप्पा. गोडाची अपेक्षा एकदम मोडू नये. दहा ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि अर्धा-पाऊण चमचा गूळ यांचा एक छोटा लाडू ठेवावा. दाण्याची ॲलर्जी असेल किंवा वर्गातील मुलाच्या ॲलर्जीमुळे शाळेने दाणे आणू नयेत असे सांगितले असेल, तर फुटाण्याच्या पिठाचा किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. तिसऱ्या आठवड्यात गाजर-काकडीचे चार तुकडे आणि अर्ध्या पेरूच्या फोडी येतात. पोळ्या दोनच राहतात. घडीतले तेल निम्मे केले तरी चालते.

महिनाअखेरीस नवे छायाचित्र काढून बेरीज करू. दोन पोळ्यांचे २५०, बटाटा घातलेल्या उसळीचे सुमारे १६०, लाडवाचे ७५ आणि भाजी-फळाचे ३०, असे एकूण ५१५ उष्मांक होतात. आकडा जवळजवळ जुनाच राहिला. प्रथिने मात्र नऊवरून पंधरा ग्रॅमच्या घरात गेली, गव्हाला कडधान्याची जोड मिळाली, पेरूमुळे ‘क’ जीवनसत्त्व आले आणि डब्याचे तिन्ही गट भरले. पोट तेवढेच भरले, पण त्यात काय गेले ते बदलले. खर्चही फारसा वाढत नाही. क्रीमच्या बिस्किटांऐवजी दाणे-गूळ येतात आणि मटकी महाग कडधान्य नव्हे.

दूध या डब्यात नाही आणि ते नसल्याने बिघडत नाही. डब्याने सारा दिवस पेलण्याची गरज नसते. दूध, दही, ताक घरी सकाळी-संध्याकाळी देता येते. पण डब्यात भाजी नाही आणि रात्रीच्या जेवणातही नाही, असे पाचही दिवस दिसत असेल, तर ती जबाबदारी डब्याने उचलायला हवी.

चार तासांनंतरची चव

डबा भरताना चांगला दिसणारा पदार्थ उघडताना तसाच असेल, असे नाही. मुले डबा टाकतात त्याचे कारण पुष्कळदा चवीपेक्षा पोत असते. पोळी गरम असताना झाकण लावले तर वाफेचे पाणी होऊन ती चिकट होते. फार वेळ उघडी ठेवली तर कडा वाळतात. तव्यावरून उतरल्यावर पाच-सात मिनिटे जाळीवर किंवा सुती कापडावर ठेवून, वाफ गेल्यावर तुपाचे बोट लावून, पातळ कापडात गुंडाळून ठेवावी. काकडीला आधी मीठ लावले तर पाणी सुटून पोळी भिजते. मिठाची चिमूट वेगळ्या कागदात द्यावी किंवा काकडीऐवजी गाजर द्यावे. सफरचंदाच्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढल्या की लवकर काळ्या पडत नाहीत.

मधली सुट्टी छोटी असते. त्यातच हात धुणे, रांग आणि खेळणे उरकायचे असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला पोळीचा तुकडा मोडून उसळ उचलायला वेळ लागतो आणि उसळ सांडते. त्याच उसळीला थोडे दाबून पोळीत गुंडाळले आणि गुंडाळीचे दोन तुकडे केले, तर ते हातात धरून खाता येते. कच्चे गाजर जाड कापले तर चावण्यातच सुट्टी संपते. काडीपेटीच्या काडीएवढे बारीक कापावे किंवा किसून गुंडाळीतच घालावे.

सुरक्षिततेचे दोन नियम पाळावेत. पहिला भाताचा. रात्रीचा भात ओट्यावर राहिला आणि सकाळी फोडणी देऊन डब्यात गेला, तर तो धोक्याचा ठरू शकतो. शिजलेला भात तासन्‌तास उबेत राहिला की त्यात काही जिवाणू वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. डब्यासाठी भात सकाळीच करावा. रात्रीचा वापरायचाच असेल तर तो लगेच निववून फ्रीजमध्ये ठेवलेला असावा आणि सकाळी चांगला वाफवून घ्यावा. दुसरा नियम ओल्या पदार्थांचा. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि मऊ पनीर मार्च ते जूनच्या उकाड्यात चार तास टिकतीलच असे नाही. त्या दिवसांत सुक्या खोबऱ्याची, तिळाची किंवा दाण्याची चटणी बरी. पनीर द्यायचे झाले तर थंडीच्या दिवसांत आणि कोरडे परतून द्यावे.

पाच दिवसांची मांडणी

सोमवारी वरील मटकीची उसळ आणि पोळी. मंगळवारी भाजणीचे थालीपीठ, त्यात किसलेला दुधी आणि कोथिंबीर. सोबत तिळाची चटणी आणि केळे. भाजणीत धान्यांबरोबर डाळीही असतात, त्यामुळे पहिले दोन गट एकाच पदार्थात येतात. बुधवारी भोपळी मिरची घातलेली अंड्याची किंवा बेसनाची कोरडी भुर्जी पोळीत गुंडाळून, सोबत गाजर. गुरुवारी भिजवलेल्या मूगडाळीचे धिरडे, पिठात किसलेले गाजर, आणि मोसंबीच्या सोललेल्या फोडी. शुक्रवारी सकाळी शिजवलेला मसालेभात, त्यात मटार, फरसबी आणि शिजवलेले हरभरे. सोबत काकडी आणि पेरू. या पाच डब्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर रंग बदलताना दिसतात आणि तिन्ही गट प्रत्येक चौकटीत सापडतात. शनिवारी शाळा असेल तर तो दिवस मुलाच्या मर्जीचा ठेवावा. एक दिवस काचऱ्या मिळाल्याने काही बिघडत नाही.

परत आलेल्या डब्याचे वाचन

दुसऱ्या छायाचित्रातील उरलेले अन्न नीट पाहावे. पोळीच्या फक्त कडा उरल्या असतील तर पोळी वाळली होती. सारण खाऊन पोळी उरली असेल तर पोळ्या जास्त झाल्या. उसळ पूर्ण उरली आणि पोळी संपली असेल, तर चमचा दिला होता का, हे आधी आठवावे. एखादी नवी भाजी एकाच घासानंतर सोडली असेल, तर तिला नापसंतीचा शिक्का मारू नये. मुले नवी चव स्वीकारण्यापूर्वी ती अनेकदा, कधी दहा वेळाही, चाखून पाहतात. म्हणून नवा पदार्थ एक चमचाच द्यावा. तो फुकट गेला तरी मूल उपाशी राहत नाही.

आणि डबा चकचकीत रिकामा असेल, तर? तेव्हाही एक प्रश्न उरतो, की तो कुणी खाल्ला? मैत्रिणींमध्ये डबे वाटून खाणे हा शाळेतला आनंद आहे आणि तो हिरावू नये. मात्र रोज रिकामा डबा आणि रोज भुकेले मूल अशी जोडी दिसली, तर ‘आज कुणाच्या डब्यात काय होते?’ असे सहज विचारावे. ‘का नाही खाल्लेस?’ या प्रश्नाला मुले ठरावीक उत्तर देतात. पहिल्या प्रश्नातून सुट्टीची सारी हकिकत कळते. उसळ मैत्रिणीला आवडते म्हणून ती रोज तिकडे जाते, हेही तेव्हाच समजते. अशा वेळी उपाय एकच असतो, दोन चमचे उसळ जास्त घालणे.

छायाचित्राची मर्यादाही ओळखावी. मुलाचे वजन-उंची कित्येक महिने वाढत नसेल, चेहरा फिकट दिसत असेल, थोड्या खेळाने धाप लागत असेल किंवा खाण्यातील प्रकार अगदी दोन-तीनवरच येऊन थांबले असतील, तर डब्याची मांडणी बदलत बसू नये; बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना पाच दिवसांची दहा छायाचित्रे सोबत न्यावीत. ‘मूल काय खाते?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून देताना आपण नकळत ते सुधारून सांगतो. छायाचित्र तसे करत नाही.